गुलालाचे चौकोन होऊ नयेत म्हणून: अपलोडसाठी एक्सपोर्ट करताना बिटरेट किती ठेवायचा

गोव्यात फोंड्यातल्या शिगमोच्या मिरवणुकीचा व्हिडिओ आमच्या गावच्या रोमटामेळातल्या, म्हणजे ढोल वाजवत नाचत जाणाऱ्या पथकातल्या, एका पोराने एडिट केला, तीन मिनिटं वीस सेकंदांचा, लॅपटॉपवर बघितला तर एकदम झकास, ढोलाची दोरी न दोरी सुटी दिसतेय, आणि रात्री यूट्यूबवर चढवून सकाळी बघतो तर एक मिनिट बाराव्या सेकंदाला जिथे दोन्ही बाजूंनी गुलाल उधळतात तिथे माणसंच गायब, नुसते गुलाबी चौकोन, आणि गुलाल खाली बसला की परत चेहरे दिसायला लागतात. मला फोन करून म्हणाला, "दादा, मी फुल एचडीतच काढलेला, मग फाटला कसा?" मी त्याच्याकडे जाऊन बसलो, आणि त्याच व्हिडिओवर आम्ही जे जे केलं ते इथे क्रमाने लिहितोय, कारण हाच प्रश्न पावसाळ्यात धबधब्याचे व्हिडिओ काढणाऱ्यांना, जत्रेचे, नाटकाचे व्हिडिओ टाकणाऱ्यांना सगळ्यांना येतो.

आधी एक गोष्ट नीट डोक्यात बसवा. तुम्ही जी फाइल अपलोड करता ती लोकांना कधीच दिसत नाही. यूट्यूब असो की इन्स्टाग्राम, तुमची फाइल घेऊन ते स्वतःच्या हिशेबाने ती परत दाबतात, म्हणजे डेटा कमी करून छोटी करतात, आणि 360p, 720p, 1080p अशा वेगवेगळ्या कॉप्या बनवतात, बघणाऱ्याला त्यातली एक मिळते. म्हणजे तुमचा एक्सपोर्ट हा शेवटचा माल नाही, कच्चा माल आहे. हे दुसऱ्यांदा दाबणं टाळता येत नाही, कुठल्याही सेटिंगने नाही. आपल्या हातात दोनच गोष्टी आहेत, त्यांच्या हातात देतो तो माल स्वच्छ असावा, आणि त्यांनी तो जरा बऱ्या पद्धतीने दाबावा अशी सोय करावी.

आता गुलालच का फाटतो? व्हिडिओ दाबताना प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाहीत. एक फ्रेम पूर्ण ठेवतात आणि पुढच्या फ्रेममध्ये फक्त "हा तुकडा इतका डावीकडे सरकला" एवढंच लिहितात. माणूस चालतोय, कॅमेरा हळू फिरतोय, तिथे हे मस्त चालतं. पण उधळलेला गुलाल, पडणारा पाऊस, धबधब्याचं पाणी, यातला प्रत्येक कण वेगळ्या दिशेने जातो, मागच्या फ्रेममधून उचलण्यासारखं काही सापडतच नाही, सगळं नव्याने लिहावं लागतं, आणि लिहायला जागा म्हणजे बिटरेट, एका सेकंदाला किती डेटा वापरायचा तो आकडा, ठरलेला. जागा संपली की एन्कोडर, म्हणजे व्हिडिओ दाबणारा प्रोग्राम, बारकावे टाकून देतो आणि मोठे मोठे चौकोन ठेवतो.

त्यात गुलालाचं अजून एक आहे. आपल्या नेहमीच्या व्हिडिओत उजेड-अंधार पूर्ण बारकाईने साठवतात पण रंग निम्म्या रुंदीने आणि निम्म्या उंचीने साठवतात, याला 4:2:0 म्हणतात. म्हणजे 1920 × 1080 च्या व्हिडिओत रंगाची माहिती फक्त 960 × 540 एवढीच असते. पांढऱ्या सदऱ्याची कड तीक्ष्ण दिसते कारण तिथे उजेडाचा फरक आहे, पण अंधारात लाल-गुलाबी रंगाची कड लिबलिबीत दिसते कारण तिथे फरक फक्त रंगाचा आहे. या पोराने सुरुवातीला काळ्यावर गडद लाल अक्षरात गावाचं नाव टाकलेलं, त्यातले अनुस्वार आणि वेलांट्या अक्षरशः विरघळलेल्या. अक्षरं पांढरी केली, बाजूला बारीक गडद कड दिली, तेवढ्यावर ते काम झालं. बिटरेटला हात लावण्याआधी हे करून बघा.

पहिलं काम: मूळ फाइल कुठून आली ते बघा

मी त्याला विचारलं, क्लिपा कुठून घेतल्यास? अर्ध्या त्याच्या स्वतःच्या फोनमधल्या, बाकीच्या मित्रांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या. इथेच निम्मा घोटाळा. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवला की तो दाबून छोटा होतो, एचडीचा पर्याय निवडला तरी दाबला जातोच, फक्त कमी. मग तो एडिटरमध्ये परत दाबला जाणार, यूट्यूबवर तिसऱ्यांदा. एकदा गेलेले बारकावे पुढे तुम्ही बिटरेट 100 एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला 100 मेगाबिट, ठेवा नाहीतर 200, परत येत नाहीत, मोठ्या फाइलमध्ये तेच चौकोन अगदी इमानाने जपले जातात एवढंच.

म्हणून मित्रांना सांगा की व्हॉट्सॲपवरच पाठवायचं असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, तसं 2 जीबीपर्यंत जातं आणि फाइल आहे तशी येते. किंवा ड्राइव्हवर टाकू दे, पण तिथेही ब्राउझरमध्ये प्ले करून दिसतं ते दाबलेलं असतं, त्यावरून क्वालिटी ठरवू नका आणि स्क्रीन रेकॉर्ड तर अजिबात नको, फाइल डाउनलोड करून घ्या. सगळ्यात बरं म्हणजे केबल लावून कॉपी करणं.

ओळखायचं कसं? फाइलचा आकार आणि लांबी बघा आणि साधा हिशेब करा: एमबी गुणिले 8, भागिले सेकंद, की एमबीपीएस मिळाले. आयफोनवर 4K 30 फ्रेम्सचं नेहमीचं रेकॉर्डिंग मिनिटाला साधारण 170 एमबी घेतं, म्हणजे 170 × 8 ÷ 60, साडेबावीसच्या आसपास एमबीपीएस. या पोराकडची मित्राची एक क्लिप 30 सेकंदांची आणि फक्त 6 एमबीची होती, म्हणजे दीड-पावणेदोन एमबीपीएस. ती क्लिप मुळातच मेलेली, आणि नेमकी एक मिनिट बारा सेकंदाची गुलालाची क्लिप तीच. मित्राकडून मूळ मागवली तर तेच 30 सेकंद 64 एमबीचे, 17 एमबीपीएस. इथे 8 ने गुणायचं विसरू नका, फाइल बाइटमध्ये मोजतात आणि बिटरेट बिटमध्ये, या गोंधळात लोक 40 च्या जागी 5 ठेवून बसतात.

दुसरं काम: टाइमलाइन आणि नॉइज

फोनने 30 फ्रेम्सने काढलंय तर टाइमलाइन 30, 25 ने काढलंय तर 25. उगाच 60 करू नका, नवीन हालचाल काही तयार होत नाही, फ्रेम्स मात्र दुप्पट दाबायला लागतात. एडिटिंगला डाव्हिन्ची रिझॉल्व्ह वापरत असाल तर क्लिपा टाकायच्या आधीच फ्रेम रेट ठरवा, नंतर त्या प्रोजेक्टमध्ये बदलायला देत नाही. आणि शूट करतानाच फोनमधलं एचडीआर बंद ठेवा, नाहीतर एक्सपोर्टनंतर रंग फिकट, धुवून काढल्यासारखे येतात आणि लोकांना वाटतं अपलोडने खराब केलं.

मिरवणूक रात्रीची असल्यामुळे काळ्या आकाशात बारीक बारीक दाणे वळवळत होते. हा नॉइज म्हणजे एन्कोडरसाठी दुसरा गुलालच, प्रत्येक फ्रेमला वेगळा. तुमच्या डोळ्याला तो जेमतेम दिसतो, पण यूट्यूबचा तोकडा बिटरेट तो आकाशातले दाणे जपण्यात घालवतो आणि चेहऱ्याला उरत नाही. म्हणून हलकासा डीनॉइज करा. हलकासाच, चेहरा मेणाचा दिसायला लागला की जास्त झालं. आणि वरून शार्पनेस वाढवू नका, एडिटरमध्ये छान दिसतं पण दाणे अजून टोकदार होतात. हौसेने फिल्म ग्रेनचा इफेक्ट टाकणाऱ्यांनी तर तो काढूनच टाकावा, अपलोडनंतर त्याचा चिखल होतो.

तिसरं काम: एक्सपोर्ट

यूट्यूब स्वतः सांगतं ते आकडे असे आहेत: साध्या व्हिडिओसाठी 30 फ्रेम्सपर्यंत 1080p ला 8 एमबीपीएस, 1440p ला 16, आणि 4K ला 35 ते 45. पोराने 1080p आणि 8 ठेवलेलं, म्हणजे पुस्तकाप्रमाणे बरोबरच. पण हे आकडे सर्वसाधारण व्हिडिओसाठी आहेत, कोणीतरी खुर्चीत बसून बोलतोय तिथे 8 पुरतात, गुलालात 8 ला एक्सपोर्टच फाटतो, आणि मग फाटलेल्यावर यूट्यूब परत दाबतं. माझा स्वतःचा नियम असा की शांत व्हिडिओला सांगितलेला आकडा, आणि शिगमो, पाऊस, धबधबा, समुद्राच्या लाटा असं काही असेल तर दुप्पट ते अडीचपट. त्याहून वर जाऊन यूट्यूबवर काही फरक पडलेला मला दिसला नाही, फक्त अपलोड लांबतं.

आणि आता ती गोष्ट जिच्यामुळे सगळ्यात जास्त फरक पडला. छोट्या चॅनेलचा 1080p व्हिडिओ यूट्यूब बहुतेक वेळा avc1 म्हणजे H.264 मध्ये दाबतं, तोही बराच घट्ट. 1440p किंवा त्याच्यावरचं अपलोड केलं की ते VP9 मध्ये दाबतं, जो तेवढ्याच जागेत जास्त बारकावे ठेवतो, आणि त्या व्हिडिओची 1080p कॉपीसुद्धा VP9 मध्येच मिळते. हे यूट्यूबने कुठे वचन म्हणून दिलेलं नाही, वर्षानुवर्षं लोकांनी टाकून बघून कळलेलं आहे, पण मी आजवर केलं तितक्यांदा चाललंय. म्हणून मूळ 1080p असलं तरी एक्सपोर्ट 2560 × 1440 करायचा. नवीन बारकावे यातून जन्माला येत नाहीत, जे आहेत ते कमी मरतात. मूळ 4K मध्ये शूट केलं असेल तर मग 1440 वर कशाला थांबता, सरळ 4K एक्सपोर्ट करा.

रिझॉल्व्हमध्ये Deliver वर जाऊन फॉरमॅट MP4, कोडेक H.264, रिझोल्यूशन कस्टम 2560 × 1440, क्वालिटीमध्ये Restrict to निवडून 40000. तिथे आकडा Kb/s मध्ये असतो, म्हणजे 40 एमबीपीएस, 40 लिहून एंटर मारलं तर काय होईल ते सांगायला नको. प्रीमिअरमध्ये VBR ठेवून Target Bitrate 40. फोनवर कॅपकटमध्ये 2K/4K निवडा आणि Code rate ची पट्टी वर न्या. आवाज AAC, 48 किलोहर्ट्झ, 320 केबीपीएस, बस.

फाइल किती होईल? आपला व्हिडिओ 200 सेकंद, 200 × 40 = 8000 मेगाबिट, भागिले 8, म्हणजे 1000 एमबी, एक जीबी. आधीची 8 ची फाइल 200 एमबी होती. घरी वायफायचा अपलोड स्पीड 20 एमबीपीएस असेल तर साडेसहा-सात मिनिटं, पण मोबाइल डेटावर 4 मिळत असेल तर 33 मिनिटं, आणि पावसाळ्यात मध्येच वीज गेली तर अजून जास्त. नेट अगदीच मंद असेल तर 1440p ठेवून बिटरेट 24 वर आणा, 1080p ला 40 ठेवण्यापेक्षा ते बरं.

रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीत नॉइज रिडक्शन मिळत नाही. त्यासाठी आम्ही हे केलं, आधी DNxHR HQ या कमी दाबणाऱ्या फॉरमॅटमध्ये 1080p मास्टर, म्हणजे एडिटची पूर्ण क्वालिटीची फाइल, काढला, तो पाच जीबीच्या आसपास झाला, आणि मग ffmpeg या कमांड टाइप करून चालवायच्या फुकट प्रोग्रामने डीनॉइज, मोठं करणं आणि शेवटचा एन्कोड एकाच झटक्यात:

```
ffmpeg -i master.mov -vf "hqdn3d=2:1.5:3:3,scale=2560:1440:flags=lanczos" -c:v libx264 -preset slow -crf 16 -pix_fmt yuv420p -c:a aac -b:a 320k -ar 48000 -movflags +faststart youtube.mp4
```

इथे बिटरेटचा आकडाच नाही, त्याऐवजी `-crf 16` म्हणजे "क्वालिटी एवढी ठेव, जागा लागेल तेवढी घे". स्टेजवर कोणी भाषण करतंय तिथे तो कमी घेतो आणि गुलाल उधळला की हवा तेवढा घेतो, म्हणून मला हे जास्त आवडतं. आकडा लहान केला की क्वालिटी वाढते, 16 ते 18 मध्ये राहा. `hqdn3d` पुढचे आकडे डीनॉइज किती ते ठरवतात, चेहरे गुळगुळीत वाटले तर ते कमी करा.

चौथं काम: पूर्ण टाकायच्या आधी वीस सेकंद टाकून बघा

यूट्यूबवर एकदा टाकलेला व्हिडिओ त्याच लिंकवर बदलता येत नाही. परत टाकला तर नवीन लिंक, आधीचे व्ह्यूज आणि कमेंट गेले. म्हणून अख्खा व्हिडिओ टाकून बघत बसू नका. टाइमलाइनवरचा सगळ्यात अवघड भाग शोधा, आमच्या इथे 1:05 ते 1:25, तेवढाच एक्सपोर्ट करा, 20 सेकंद म्हणजे 40 एमबीपीएसने 100 एमबी, आणि Private ठेवून अपलोड करा. सगळ्यात सोपा भाग टाकून बघितलात तर काहीच कळणार नाही.

अपलोड झाल्या झाल्या बघून घाबरू नका, यूट्यूब आधी कमी क्वालिटीची कॉपी तयार करतं, एचडी आणि त्याच्यावरच्या नंतर येतात, कधी अर्धा तास, कधी बराच जास्त वेळ. म्हणून मिरवणुकीच्या रात्रीच लिंक सगळ्या ग्रुपवर फिरवायची घाई करू नका, पहिल्या तासात बघणाऱ्यांना ती धूसर कॉपीच दिसते. कॉम्प्युटरवर प्लेअरच्या गिअरमध्ये 1440p दिसायला लागलं की व्हिडिओवर राइट क्लिक करून Stats for nerds उघडा, त्यात Codecs च्या ओळीत vp09 दिसलं तर जमलं, av01 म्हणजे AV1 दिसलं तरी चांगलं. avc1 असेल तर अजून प्रोसेसिंग बाकी आहे किंवा तुम्ही खालची क्वालिटी बघताय.

मग बिघाड कुठे आहे ते असं शोधायचं. एकच फ्रेम निवडा, आम्ही 1:12 ची घेतली जिथे एक ढोलवाला गुलालातून बाहेर येतोय आणि ढोलाच्या दोऱ्या तिरक्या दिसतायत. ती फ्रेम तीन ठिकाणी पॉझ करून बघा: फोनमधली मूळ क्लिप, तुमची एक्सपोर्ट केलेली फाइल, आणि यूट्यूब. मूळमध्येच दोऱ्या एकमेकांत मिसळलेल्या असतील तर काही करता येणार नाही, दुसरा शॉट घ्या. मूळमध्ये सुट्या आणि एक्सपोर्टमध्ये मिसळलेल्या असतील तर बिटरेट कमी पडला, तो वाढवा. एक्सपोर्टपर्यंत सुट्या आणि यूट्यूबवरच मिसळल्या तर बिटरेट वाढवून उपयोग नाही, तिथे रिझोल्यूशन वाढवायचं, नॉइज कमी करायचा. आमच्या जुन्या फाइलमध्ये गुलालाची क्लिप मुळातच मिसळलेली होती आणि बाकीच्या क्लिपा 8 च्या एक्सपोर्टमध्ये फाटल्या होत्या, म्हणजे यूट्यूबवर राग काढत होतो पण त्याच्याकडे पोचायच्या आधीच आपण दोनदा नुकसान केलेलं. नवीन फाइलमध्ये यूट्यूबवर 1440p ला दोऱ्या मोजता येतात, 1080p ला जवळपास तशाच. 480p ला मात्र गुलाल अजूनही फाटतो, आणि ज्याचं नेट मंद आहे त्याला तेच दिसणार, त्याला इलाज नाही.

रीलसाठी वेगळी फाइल

यूट्यूबसाठी काढलेली फाइल किंवा त्याहून वाईट म्हणजे यूट्यूबवरून डाउनलोड केलेला व्हिडिओ इन्स्टाग्रामवर टाकू नका, परत मूळ टाइमलाइनवर जा. इन्स्टाग्रामवर वरची युक्ती उलटी पडते, 4K दिलं तर ते स्वतःच लहान करतं आणि ते कसं करेल यावर आपला ताबा नाही. तिथे नेमका 1080 × 1920, 30 फ्रेम्स, H.264, 12 ते 15 एमबीपीएस असा माल द्यायचा म्हणजे त्याला आकार बदलावा लागत नाही. ॲपच्या सेटिंगमध्ये मीडिया क्वालिटीत Upload at highest quality चालू करा, आणि फाइल लॅपटॉपवरून फोनमध्ये नेताना परत व्हॉट्सॲपचा व्हिडिओ नको, केबल किंवा डॉक्युमेंट.

आडव्या 1080p व्हिडिओमधून उभा तुकडा कापला तर त्याची खरी रुंदी फक्त 608 पिक्सेल उरते, ती ताणून 1080 केली की मऊ दिसणारच, ते बिटरेटने सुधारत नाही. आडव्या 4K मधून कापला तर 1215 मिळतात, म्हणजे पुरतात. तेव्हा रील करायचंच असेल तर फोन 4K वर ठेवा किंवा दोन मिनिटं फोन उभा धरून वेगळं काढा. आणि गुलालाचा अख्खा स्फोट रीलमध्ये ठेवायचा हट्ट असेल तर तो क्षण स्लो मोशनमध्ये ठेवा, त्यासाठी तो 60 फ्रेम्सने काढलेला हवा. मग एका फ्रेमपासून दुसऱ्या फ्रेमपर्यंत कण कमी सरकतात आणि त्याच बिटरेटमध्ये बरेच कमी चौकोन होतात, या पोराने "ओस्सय"चा जल्लोष सुरू होतो तिथला तुकडा तसाच केला.

पाच जीबीचा मास्टर मात्र उडवू नका, हार्ड डिस्कवर ठेवा, पुढच्या वर्षी जुन्या मिरवणुकीचे तुकडे लागतात तेव्हा त्यातून घ्यायचे.